लस गोठली तर नाही ना? छोट्या दवाखान्यासाठी लस साठवणुकीची कार्यपद्धती

लसीला गरमी लागू नये याची काळजी सगळेच घेतात. वीज गेली की डॉक्टर, सिस्टर, मेडिकलवाला सगळ्यांचे डोळे फ्रिजकडे वळतात. पण छोट्या दवाखान्यांत लस वाया जाण्याचं दुसरं कारण थंडीचं आहे, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. घरगुती फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकलेली हेपॅटायटिस बी रात्री गोठते, सकाळी वितळते आणि दिसायला जशीच्या तशी राहते. मूल रडतं, कार्डावर तारीख पडते, संरक्षण मात्र मिळालं की नाही हे कुणालाच कळत नाही.

हेपॅटायटिस बी, डीपीटी, पेंटाव्हॅलंट, टीडी यांसारख्या लसींत अॅल्युमिनियमचा क्षार असतो आणि लसीचा घटक त्याच्या सूक्ष्म कणांवर बसलेला असतो. गोठल्यावर हे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. नंतर कितीही हलवलं तरी ते मूळ स्थितीत येत नाहीत आणि लसीची ताकद जाते. सरकारी लसींच्या व्हायलवर जे व्हीव्हीएम लेबल असतं, वर्तुळातला तो चौकोन, ते फक्त गरमी मोजतं. चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असला तर गरमीचा त्रास मर्यादेत आहे इतकंच समजायचं. लस गोठली होती का, हे ते सांगत नाही. खासगी बाजारातल्या बऱ्याच लसींवर तर व्हीव्हीएम नसतंच.

म्हणून खाली दिलेल्या कार्यपद्धतीचा भर २ ते ८ अंश सेल्सिअस या पट्ट्याच्या खालच्या टोकावर आहे. बहुतेक पायऱ्यांच्या शेवटी ✔ आहे. त्यापुढे लिहिलेली गोष्ट दुसऱ्या माणसाला डोळ्यांनी पाहता आली, तरच ती पायरी झाली असं धरायचं. ‘फ्रिज नीट ठेवावा’ असं वाक्य भिंतीवर लावून काही तपासता येत नाही.

आधी माणसं ठरवा

१. एक मुख्य जबाबदार व्यक्ती (बहुतेक ठिकाणी सिस्टर) आणि एक पर्यायी. तापमानाचा नॉब फिरवायचा अधिकार फक्त या दोघांना.
✔ दोघांची नावं आणि मोबाइल नंबर फ्रिजच्या दारावर चिकटवलेले आहेत.

२. रविवार आणि सणाच्या सुट्टीला नोंद कोण घेणार, हे महिन्याच्या सुरुवातीलाच लिहायचं. दिवाळीच्या चार दिवसांत फ्रिज सुट्टी घेत नाही.
✔ नोंदवहीच्या पहिल्या पानावर महिन्याच्या प्रत्येक सुट्टीपुढे एक नाव आहे.

फ्रिज आणि त्याची जागा

लसींसाठीच बनवलेला फ्रिज परवडत असेल तर दुसरा विचारच नको. नसेल तर दोन दारांचा फ्रॉस्ट-फ्री घरगुती फ्रिज चालवून घेता येतो. एकाच दाराचा, ज्याच्या आतच वरच्या बाजूला बर्फाचा कप्पा असतो तो छोटा फ्रिज मात्र लसींसाठी घेऊ नका. त्या कप्प्याखालची हवा शून्याच्या खाली जाते आणि तळाशी सात-आठ अंश असतात. एकाच फ्रिजमध्ये गोठणं आणि तापणं दोन्ही चालू राहतं.

३. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे, सपाट जमिनीवर, खिडकीच्या उन्हापासून दूर.
✔ मागे हात सहज जातो. दुपारी चारला फ्रिजवर ऊन पडत नाही.

४. स्वतंत्र सॉकेट. एक्स्टेंशन बोर्ड नाही. बटणावर चिकटपट्टी आणि ‘बंद करू नका, आत लस आहे’ अशी पाटी. झाडू मारताना मावशींनी प्लग काढणं आणि परत लावायला विसरणं हे इतक्या ठिकाणी घडतं, की या पाटीला पर्याय नाही.
✔ पाटी दिसते. प्लग काढायचा तर चिकटपट्टी फाडावी लागते.

५. या फ्रिजमध्ये डबा, पाण्याची बाटली, तपासणीचे नमुने, इन्सुलिन, काही नाही. जेवणाचा डबा आत असला की दार दिवसातून वीस वेळा जास्त उघडतं.
✔ दार उघडल्यावर फक्त लस, डायल्यूएंट, तापमापक आणि भरलेल्या बाटल्या दिसतात.

आतली मांडणी

६. दारातल्या खणांत आणि तळाच्या भाजीच्या खणात लस ठेवायची नाही. तिथे पाण्याने भरलेल्या बाटल्या ठेवा आणि त्यांवर ‘पिऊ नये’ असं लिहा. हे पाणी थंडावा धरून ठेवतं, त्यामुळे दार उघडलं किंवा वीज गेली तरी आतलं तापमान सावकाश चढतं.

७. लस मधल्या कप्प्यांत, जाळीच्या टोपल्यांत, तिच्या मूळ खोक्यातच. एमएमआर, बीसीजी यांना उजेड सोसत नाही, त्यामुळे खोकं फेकायचं नाही. झाकणाचे स्टीलचे डबे नकोत, त्यांत हवा फिरत नाही.

८. मागच्या भिंतीपासून आणि थंड हवा येते त्या झरोक्यापासून चार बोटं अंतर. गोठण्याची घटना बहुतेक वेळा इथेच घडते. कप्प्यावर एक रंगीत पट्टी चिकटवा, टोपली त्या पट्टीच्या मागे जाता कामा नये.
✔ पट्टी पूर्ण दिसते. दिसत नसेल तर टोपली मागे सरकली आहे.

९. गोठल्यावर खराब होणाऱ्या लसी (हेपॅटायटिस बी, डीपीटी, पेंटा, हेक्सा, टीडी, आयपीव्ही, पीसीव्ही, टायफॉइड, एचपीव्ही, द्रवरूप रोटा) कप्प्याच्या पुढच्या अर्ध्या भागात. पावडर रूपातल्या एमएमआर आणि बीसीजीला थंडीचं तितकं भय नाही, गरमीचं आहे. त्या मागच्या अर्ध्यात, पट्टीच्या अलीकडे. त्यांचा डायल्यूएंट मात्र गोठता कामा नये, काच तडकते. तो वापराच्या आदल्या दिवसापासून त्याच फ्रिजमध्ये हवा, म्हणजे लस आणि डायल्यूएंट दोन्ही सारख्याच तापमानाचे असतात. ज्या कंपनीची लस, त्याच कंपनीचा डायल्यूएंट.

१०. आधी मुदत संपणारी लस पुढे, नवी मागे.
✔ टोपलीतलं पहिलं खोकं उचला. त्याच्यापेक्षा जवळची तारीख मागे सापडत नाही.

तापमापक: त्याची परीक्षा आधी

फ्रिजच्या दारावर दिसणारा आकडा हिशेबात धरू नका. तो हवेचा असतो आणि भलत्याच जागेचा असतो. डिजिटल डेटा लॉगर घ्या, जो दर पाच-दहा मिनिटांनी नोंद करतो आणि तापमान किती वेळ घसरलं तेही सांगतो. त्याचा सेन्सर ग्लायकॉलच्या छोट्या बाटलीत बुडवलेला असावा. नुसत्या हवेतला सेन्सर दार उघडताच उडी मारतो, आणि रोज खोटा इशारा मिळू लागला की माणसं खऱ्या इशाऱ्याकडेही बघेनाशी होतात.

११. सेन्सर मधल्या कप्प्यात, लसींच्या टोपलीतच. दारात नाही, भिंतीला टेकलेला नाही.

१२. दर तीन महिन्यांनी बर्फाची परीक्षा. बर्फाचा चुरा करून काचेचा पेला काठोकाठ भरा आणि फटी भरतील इतकंच थंड पाणी घाला. ढवळा. सेन्सर बाटलीतून काढता येत असेल तर काढून मधोमध धरा, तळाला टेकू देऊ नका. आकडा स्थिर झाला की वाचा. शून्य यायला हवा. अर्ध्या अंशाचा फरक चालेल. त्याहून जास्त आला तर तापमापक बदला. ‘आमचा एक अंश जास्त दाखवतो, आम्ही वजा करतो’ हा हिशेब नवी सिस्टर आली की विसरला जातो.
✔ परीक्षेची तारीख आणि आलेला आकडा तापमापकाच्या पाठीवर लिहिलेला आहे.

१३. नवा फ्रिज असेल तर लस भरण्याआधी किमान एक आठवडा फक्त पाण्याच्या बाटल्यांवर चालवा. लॉगर दोन दिवस मधल्या कप्प्यात पुढे, दोन दिवस मागे आणि दोन दिवस वरच्या कप्प्यात ठेवा. कुठे २ च्या खाली जातं ते या आठवड्यातच समजतं, आणि कप्प्यावरच्या रंगीत पट्टीची जागा अंदाजाने ठरवावी लागत नाही.

रोजची नोंद

१४. सकाळी दवाखाना उघडताच, फ्रिजचं दार उघडण्याआधी, तीन आकडे लिहा: आत्ताचं तापमान, `MIN`, `MAX`. संध्याकाळी बंद करताना पुन्हा तेच. लिहून झाल्यावर `MIN` आणि `MAX` रीसेट करा. रीसेट राहिला तर उद्याही कालचाच किमान आकडा दिसेल.
✔ दिवसाला दोन ओळी, प्रत्येकी तीन आकडे, वेळ आणि सही.

नोंदवही तपासणाऱ्या डॉक्टरांसाठी एक खूण. महिनाभर सगळीकडे ४.० आणि ५.० असेच गोल आकडे असतील, तर ती वही महिनाअखेरीला एका बैठकीत भरलेली आहे. खऱ्या वहीत ३.७ असतो, ५.९ असतो, एखाद्या दुपारी ७.२ असतो आणि त्याच्या पुढे ‘स्टॉक लावला’ असं लिहिलेलं असतं.

१५. आकडा ३ च्या खाली किंवा ७ च्या वर गेला तर मुख्य व्यक्तीला फोन. अजून काही बिघडलेलं नसतं, पण सावरायला वेळ असतो तो हाच.

१६. नॉब एका वेळी एकच घर फिरवायचा आणि पुढचे चोवीस तास बघायचं. बहुतेक घरगुती फ्रिजांत आकडा जितका मोठा तितका गारवा जास्त, हे नॉबच्या बाजूला लिहून ठेवा. ‘५ म्हणजे पाच अंश’ असं समजणारी माणसं भेटतात. संध्याकाळी घरी जाताना नॉबला हात लावू नका, त्याचा परिणाम रात्री कुणी पाहत नसताना होतो.
✔ नॉबच्या आजच्या जागेवर पेनची खूण आणि वहीत तारीख.

स्टॉक आला की

१७. स्टॉकिस्टच्या माणसाला पाच मिनिटं थांबवा. डबा त्याच्यासमोर उघडा. आइसपॅक अजून घट्ट, पांढरे, कोरडे आहेत आणि खोकी त्यांना थेट चिकटलेली आहेत, असं दिसलं तर हेपॅटायटिस बी किंवा हेक्सा घेऊ नका. खोक्याचा कोपरा ओला होऊन कडक झालेला असतो, तिथे बोट लावून बघा. उलट सगळं पाणी झालेलं आणि कोमट असेल तरीही परत. तापमानाची नोंद मागा. ती देता येत नाही म्हणणाऱ्याकडून पुढची ऑर्डर द्यायची का, हे डॉक्टरांनी ठरवावं.

१८. बॅच नंबर, मुदत, नग, आल्याची वेळ वहीत. मग लगेच फ्रिजमध्ये.
✔ बिलावरची वेळ आणि फ्रिजमध्ये ठेवल्याची वेळ दोन्ही लिहिलेल्या आहेत.

वीज गेली तर

‘इतके तास काही होत नाही’ असा ठरीव आकडा कुणाकडून घेऊ नका. तो फ्रिज, त्यातलं पाणी आणि खोलीची गरमी यांवर ठरतो. तुमचा आकडा तुम्हीच काढा. एप्रिल-मेच्या दुपारी, लस सुरक्षित दुसरीकडे हलवून, आत फक्त नेहमीच्या पाण्याच्या बाटल्या ठेवून फ्रिज बंद करा आणि ५ वरून ८ अंशांवर जायला किती वेळ लागतो ते लॉगरवर पाहा. तो वेळ दारावर लिहा. इन्व्हर्टरवर फ्रिज चालवत असाल तर तो कॉम्प्रेसर सुरू होतानाचा भार खरंच घेतो का, हेही याच दिवशी पाहून घ्या.

१९. वीज जाताच वेळ लिहा आणि दारावर चिकटपट्टी मारा. आत काय आहे हे बघायला दार उघडायचं नाही, लॉगरची स्क्रीन बाहेर असते.

२०. आकडा ६ झाला की फ्रीझरमधले आइसपॅक बाहेर काढून टेबलावर ठेवा. ७ ची वाट पाहू नका. पॅक तयार व्हायला वेळ लागतो, खोली गार असेल तर बराच.

२१. पॅक कानाशी धरून हलवा. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की तो तयार. फ्रीझरमधून काढलेला टणक पॅक थेट व्हॅक्सिन कॅरियरमध्ये घातला तर कडेच्या व्हायल गोठतात. गरमीपासून वाचवायच्या घाईत अशी नासाडी होते.
✔ चारही पॅक हलवल्यावर आवाज येतो, आणि वरून पुसून कोरडे केले आहेत.

२२. आकडा ७ झाला की लस प्लास्टिकच्या पिशवीत घालून कॅरियरमध्ये, तापमापकासकट. वेळ लिहा. वीज आल्यावर फ्रिज ८ च्या खाली येऊन तासभर स्थिर राहिल्यावरच लस परत.

तापमान चुकलंच तर: एक उदाहरण

निफाड परिसर हिवाळ्यातल्या कडाक्यासाठी प्रसिद्ध आहे, म्हणून तिथला एक दवाखाना धरू. ऑक्टोबरच्या उकाड्यात नॉब ५ वर नेला होता, तो तसाच राहिला. जानेवारीतला एक रविवार, नोंद घेणारी व्यक्ती गावाला गेलेली. सोमवारी सकाळी साडेआठला आत्ताचं तापमान ३.८, ठीक. पण `MIN` उणे १.४. लॉगर सांगतो, रविवारी पहाटे ३:१० ते ५:०० तापमान उणे ०.५ च्या खाली होतं. म्हणजे एक तास पन्नास मिनिटं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकाप्रमाणे चालणारे तीस दिवसांचे लॉगर उणे ०.५ च्या खाली ६० मिनिटं राहिल्यास किंवा ८ च्या वर सलग १० तास राहिल्यास इशारा देतात. इथे पहिली मर्यादा ओलांडली आहे.

पहिली गोष्ट, फ्रिजमधली सगळी लस एका पिशवीत घालून, ‘वापरू नका, चौकशी चालू’ अशी चिठ्ठी लावून, फ्रिजमध्येच वेगळी. फेकायची नाही, बाहेरही काढून ठेवायची नाही. बाहेर ठेवली तर चांगली निघालेली लसही गरमीने जाईल. सकाळच्या पालकांना उद्याची वेळ द्यायची.

दुसरी गोष्ट, शेवटची खात्रीची नोंद कधीची आहे? शनिवार संध्याकाळ सहा, `MIN` ३.१. त्यानंतर एकही मूल टोचलेलं नाही. म्हणून कुणाला परत बोलवायची गरज नाही. शनिवारची ती एक ओळ नसती, तर मागच्या कितीतरी दिवसांची यादी काढून फोन करावे लागले असते.

तिसरी गोष्ट, काय काय होतं ते वेगवेगळं पाहायचं. एमएमआर पावडर आहे, तिला या थंडीने धक्का नाही. तिचे डायल्यूएंट उजेडात धरून तडा गेलाय का पाहायचं. हेपॅटायटिस बीच्या एकाच बॅचच्या दहा व्हायल आहेत. त्यांत अॅल्युमिनियम क्षार आहे, म्हणून त्यांची शेक टेस्ट करता येते. हेक्साच्या भरलेल्या सिरिंज, टायफॉइड कॉन्जुगेट आणि द्रवरूप रोटा यांच्यावर दवाखान्यात शेक टेस्ट करून निर्णय घेऊ नये. टायफॉइड कॉन्जुगेट आणि रोटामध्ये सहसा हा क्षार नसतो, आणि सिरिंजमध्ये गाळ बसताना नीट दिसत नाही. त्यांच्यासाठी लॉगरचा आलेख, बॅच नंबर आणि वेळ कंपनीला लेखी कळवायचं आणि लेखी उत्तर येईपर्यंत लस वेगळीच ठेवायची. ‘चालेल हो, द्या’ असं फोनवर सांगितलं तर ते उत्तर धरायचं नाही. कुठलीही व्हायल किंवा सिरिंज घट्ट गोठलेल्या अवस्थेत सापडली असती, तर तिच्यासाठी टेस्टही नाही, ती बाद.

शेक टेस्ट अशी. दहापैकी एक व्हायल निवडून तिच्यावर ‘गोठवलेली, वापरू नका’ असं पक्क्या शाईने लिहा आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून घट्ट गोठवा. सकाळी टेबलावर पूर्ण वितळू द्या, गरम पाण्यात घालू नका. मग ही व्हायल आणि संशयित व्हायल एका हातात धरून दहा-पंधरा सेकंद जोरात हलवा आणि दोन्ही टेबलावर शेजारी ठेवा. उजेडासमोर धरून पाहत राहा, जास्तीत जास्त अर्धा तास. गोठवलेल्या व्हायलमध्ये बारीक कण दिसू लागतात, ते भराभर खाली बसतात आणि वर पाणी निवळतं. संशयित व्हायल तोवर दुधाळ, एकसारखी राहिली आणि गाळ सावकाश बसला, तर ती चांगली. तिचा गाळ त्याच वेगाने किंवा त्याहून लवकर बसला, तर ती बाद. तुलना त्याच कंपनीच्या, त्याच बॅचच्या व्हायलशीच, नाहीतर तिला अर्थ नाही.

धरा, नऊपैकी मागच्या रांगेतल्या दोन गोठवलेल्या व्हायलसारख्याच बसल्या, सात दुधाळ राहिल्या. दोन बाद, आणि तुलनेची एक बाद. सातांवर ‘शेक टेस्ट उत्तीर्ण’, तारीख आणि डॉक्टरांची सही, आणि त्या सर्वांत आधी वापरायच्या. बाद लस घरच्या कचऱ्यात किंवा मोरीत नाही. नग आणि बॅच वहीत लिहून जैववैद्यकीय कचरा नेणाऱ्या संस्थेकडे द्यायची.

आणि नॉब. ५ वरून ४, चोवीस तास थांबून लॉगर बघायचा. `MIN` अजून २.४ दाखवत असेल तर ३ वर, पुन्हा चोवीस तास. रात्रीचा किमान ३ च्या वर स्थिर दिसेपर्यंत नवा स्टॉक मागवायचा नाही. मार्चमध्ये दुपारचा `MAX` ७ कडे सरकू लागला की उलटा प्रवास, तोही एकेक घरानेच. नॉब तपासायच्या या दोन तारखा, १ नोव्हेंबर आणि १ मार्च, भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच खुणा करून ठेवा.